रोजची एक ओळ : नाशिकमधील दोन मैत्रिणींच्या १४५ दिवसांचे प्रकरण

७ ऑक्टोबर २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५ या १४५ दिवसांसाठी मी आणि माझी एक मैत्रीण अशा दोघींनी एक ठराव केला होता. रोज रात्री साडेनऊच्या आत आपापल्या कामाची एक ओळ एकमेकींना पाठवायची, एवढाच तो ठराव. या पद्धतीला हल्ली ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’ असे म्हणतात. आम्ही मात्र तिला पहिल्या दिवसापासून नुसते ‘ओळ’ म्हटले. या काळात ती ओळ आधी फसवी झाली, मग बंद पडली आणि नंतर वेगळ्या नियमांवर पुन्हा सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली. बंद पडण्याचे कारण आम्ही दोघींनी आधी आळस आणि धावपळ यांत शोधले. प्रत्यक्षात ते ओळीला मिळणाऱ्या उत्तरात होते, आणि ते कसे लक्षात आले हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि शहरातील तांबट कारागिरांच्या व्यवसायावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शकांनी फेब्रुवारीअखेर तीन प्रकरणांचा मसुदा मागितला होता. माझी मैत्रीण दिंडोरी तालुक्यात राहते. तिच्या घरची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि बागेच्या वह्या तीच सांभाळते. निर्यातीचा माल द्यायचा असेल तर कोणत्या तारखेला कोणते औषध, किती पाण्यात, किती क्षेत्रावर फवारले आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस गेले, याची नोंद नीट लागते. आदल्या हंगामात तिने ही नोंद तपासणीच्या आदल्या रात्री बसून एकहाती भरली होती आणि ती गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. फळछाटणी ९ ऑक्टोबरला होणार होती. तेव्हा तिचे उद्दिष्ट ‘त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी’ असे ठरले आणि माझे ‘रोज दोन तास प्रबंध’ असे ठरले.

पहिले पंचवीस दिवस

ऑक्टोबरच्या पंचवीस दिवसांत माझ्याकडून पंचवीस ओळी गेल्या. एकही चुकली नाही. ‘आज २ तास.’ ‘आज दीड तास, उरलेला उद्या.’ ‘आज अडीच तास, वाचनालयात बसले होते.’ तिच्याकडून ‘वही झाली’ असे उत्तर येई आणि आम्ही दोघीही एकमेकींना शाबासकी देत असू. महिनाअखेरीस मी तास मोजले तर ते अडतीस भरले. लिहून झालेली पाने मोजली तर ती चार निघाली.

हे कसे झाले ते समजायला वेळ लागला नाही. तास हे माप बसण्याचे होते, लिहिण्याचे नव्हते. १८४० साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, १८८३ चे नाशिकचे गॅझेटियर उघडून बसले की दोन तास कसे जातात ते कळत नाही. त्यातून टिपणेही निघतात आणि ओळ पाठवताना मन स्वच्छ असते, कारण ओळीत खोटे काहीच नसते. माझ्या मैत्रिणीकडे मात्र मी लिहीत नाही हे ओळखण्याचा कोणताही मार्ग नव्हता. ओळ वाचणाऱ्या माणसाला काम पुढे सरकते आहे की नाही हे त्या ओळीवरून कळत नसेल, तर ती ओळ कितीही नियमित गेली तरी हजेरीच्या पलीकडे जात नाही.

म्हणून दिवाळी आटोपल्यावर, ४ नोव्हेंबरच्या सोमवारपासून, मी तासांऐवजी शब्द मोजायला घेतले आणि रोजचे तीनशे शब्द ठरवले. पहिल्या आठवड्यात २,२४० शब्द झाले. एवढे एका आठवड्यात मी कधीच लिहिले नव्हते, त्यामुळे आनंद झाला. रविवारी ते सलग वाचले तेव्हा त्यातला बराच भाग कारागिरांच्या मुलाखतींतील लांबच लांब उतारे आहेत हे दिसले, कारण उतारा उतरवून काढला की शब्द झपाट्याने भरतात. माप बदलले आणि त्याबरोबर माझी पळवाटही बदलली. यात लबाडी होती असे मला वाटत नाही. दमलेला माणूस रात्री नऊ वाजता ओळीत जो आकडा मागितला असेल तो सर्वांत कमी श्रमात कसा भरेल, तिकडेच वळतो. म्हणून आकडा ठरवतानाच त्याला सर्वांत स्वस्तात भरण्याचा मार्ग कोणता, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावे लागते.

ओळ बंद पडली ती अशी

त्यानंतरचा आठवडा धावपळीचा होता. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते आणि माझी निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली होती. त्याआधी प्रशिक्षण होते आणि महाविद्यालयाचे नेहमीचे कामही होतेच. ११ ते १७ नोव्हेंबरच्या माझ्या सात ओळी आज पुन्हा वाचताना त्यांचा उतार स्पष्ट दिसतो. सोमवारी ‘३१० शब्द’. मंगळवारी ‘२६० शब्द’. बुधवारी ‘थोडे झाले, पण चांगले झाले’. गुरुवारी ‘आज प्रशिक्षण, त्यामुळे फारसे नाही’. शुक्रवारची ओळ साडेनऊऐवजी रात्री अकरा वाजता गेली आणि तिच्यात दिवसभरात काय काय झाले याचे पाच वाक्यांचे वर्णन होते. शनिवारी आणि रविवारी ‘उद्यापासून नक्की’. सोमवारपासून काहीच नाही.

म्हणजे आधी ओळीतून आकडा गेला, मग वेळ सरकली, मग कारणांची लांबी वाढली आणि शेवटी ओळच आली नाही. पुढे आम्ही दोघींच्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा तिच्याही ओळी याच क्रमाने घसरल्याचे दिसले. त्यातही आकडा जाणे ही खूण सर्वांत आधीची आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण त्या वेळी ओळ अजून येत असते आणि समोरच्याला काही करण्याची संधी असते. ‘थोडे झाले, पण चांगले झाले’ ही ओळ आली त्या रात्री कोणी मला ‘किती शब्द?’ एवढेच विचारले असते, तर पुढचे बहुतेक टळले असते.

तसे विचारले गेले नाही, कारण माझी मैत्रीण माझी मैत्रीण आहे. तिची त्या आठवड्यातली उत्तरे अशी आहेत : ‘छान गं.’ ‘वा!’ ‘होतं गं असं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.’ ‘आधी निवडणूक होऊ दे, मग बघ.’ ही सगळी उत्तरे प्रेमाची आहेत आणि प्रत्येकाने मला त्या त्या रात्री बरे वाटले. तेच नेमके नडले. न लिहिल्याची जी टोचणी मला दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसवू शकली असती, ती मी रात्रीच तिच्याजवळ उतरवून ठेवत होते आणि ती ती प्रेमाने ठेवून घेत होती. कारण नीट मांडून लिहिले आणि समोरून ‘समजू शकते’ असे आले की तो दिवस मनात पुरा झाल्यासारखा वाटतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या जवळची एक गोष्ट दिसली होती : आपल्या ओळखीशी निगडित असा संकल्प दुसऱ्याने जाणून घेतला आणि त्याची दखल घेतली की त्या संकल्पासाठी प्रत्यक्षात केले जाणारे प्रयत्न कमी होतात. माझ्या ‘उद्यापासून नक्की’ला मिळालेली शाबासकी ही तशीच दखल होती.

१९ तारखेला साहित्यवाटप झाले, २० ला मतदान झाले आणि त्या रात्री घरी पोहोचायला साडेबारा वाजले. हे दिवस आणि थकव्याचा २१ तारखेचा दिवस धरला तरी निवडणुकीने फार तर तीन दिवस घेतले. शांतता मात्र १८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी चौदा दिवस होती. उरलेले अकरा दिवस निवडणुकीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ते मी ओळीपासून तोंड लपवण्यात घालवले, कारण आता ओळ पाठवायची तर आधीच्या न पाठवलेल्या ओळींचा खुलासा करावा लागेल असे वाटत होते आणि प्रत्येक दिवसागणिक तो खुलासा मोठा होत होता. शेफील्ड विद्यापीठाचे थॉमस वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रगतीची माहिती टाळण्याच्या या प्रवृत्तीला शहामृगाचे नाव दिले आहे. काम होत नसते तेव्हाच त्याची मोजदाद सर्वांत उपयोगी असते आणि नेमकी तेव्हाच ती नकोशी होते.

माझी मैत्रीण २० तारखेपासून गप्प झाली. ‘तू कामात असशील, म्हटलं त्रास नको,’ असे तिने नंतर सांगितले. एकीची ओळ थांबली की दुसरीची दोन दिवसांत थांबते, हे आम्हा दोघींनाही तोवर माहीत नव्हते.

१ डिसेंबरचा रविवार

ती बाजारासाठी शहरात आली होती. रविवार कारंजावरची कामे उरकून ती माझ्याकडे आली आणि येताना वही घेऊन आली. वहीत २० ते ३० नोव्हेंबर असे अकरा दिवस कोरे होते. ते भरण्यासाठी तिने औषधाच्या दुकानाची बिले आणली होती आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिले आणि वही शेजारी ठेवून बसलो. भुरीसाठी मारलेल्या एका बुरशीनाशकाची तारीख तिला पक्की आठवत होती. पहाटे फार दव होते, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २१ तारखेला. बिलावर मात्र २३ तारीख होती. जे औषध २३ ला विकत आणले ते २१ ला फवारले जाणे शक्य नाही. दोन दिवसांचा फरक बागेच्या दृष्टीने किरकोळ वाटेल, पण काढणीपूर्वी किती दिवस औषध बंद ठेवायचे याचा हिशेब त्याच तारखेपासून सुरू होतो. शिवाय एवढ्या खात्रीने आठवणारी तारीख जर चुकीची असेल, तर आदल्या वर्षी एका रात्रीत भरलेल्या वहीतल्या किती तारखा बरोबर असतील, या विचाराने ती बराच वेळ बोलली नाही.

मग आम्ही मोबाइलवर पहिल्या दिवसापासूनचे निरोप वर जाऊन वाचायला सुरुवात केली. ओळी तर वाचल्याच; पण उत्तरेही मोठ्याने वाचली, आणि तिथे आम्हाला उलगडा झाला. ८ नोव्हेंबरला तिची ओळ होती, ‘आज वही अर्धीच झाली, पाहुणे होते.’ तिला मी लिहिले होते, ‘अगं, पाहुणे असताना कोण वही घेऊन बसतं!’ तिने तो संदेश मला दाखवला आणि म्हणाली, “तू मला सुट्टी दिलीस. मी तुला दिली. मग ओळ कशाला पाठवायची?”

त्या संध्याकाळी आम्ही नियम नव्याने लिहिले. ते वहीच्या मागच्या पानावर तिच्या हस्ताक्षरात आहेत.

पहिला बदल मापाचा होता. माझ्यासाठी ‘पक्का परिच्छेद’ हे एकक ठरले : ज्यात एक मुद्दा आहे, त्याला आधार आहे, संदर्भ जागेवर लिहिलेला आहे आणि ‘नंतर पाहू’ अशी एकही मोकळी जागा सोडलेली नाही. रोजचे दोन परिच्छेद. उतारा कितीही लांब असला तरी परिच्छेद एकच धरला जाणार होता, त्यामुळे शब्द फुगवण्यात काही हाती लागणार नव्हते. तिच्या ‘वही झाली’ मध्येही तीच अडचण होती. अर्धी वही भरली तरी ‘झाली’ लिहिता येत असे. म्हणून तिने शब्दांऐवजी त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठवायचा, तारखेचा रकाना दिसेल असा, असे ठरले. मी आकड्यासोबत त्या दिवशी लिहिलेले शेवटचे वाक्य जसेच्या तसे पाठवायचे. पुरावा मागितला म्हणजे अविश्वास दाखवला असे तिला आधी वाटले. माझे मत वेगळे आहे. फोटो काढायचा आहे हे माहीत असले की पान पूर्ण भरल्याशिवाय हात थांबत नाही. फोटोचे खरे काम तो पाठवण्यापूर्वीच होऊन गेलेले असते.

दुसरा बदल शून्याचा. काही झाले नाही तर ‘०’ लिहायचे आणि कारण लिहायचे नाही. कारणाला ओळीत जागाच ठेवली नाही, कारण ते लिहिले की समोरचीला त्यावर काहीतरी बोलणे भाग पडते आणि मग दोघी कामापासून दूर जातात. शून्य मात्र ओळ म्हणूनच मोजले जाईल. न पाठवणे ही चूक, शून्य पाठवणे ही नाही. ज्या दिवशी काम झाले नाही त्या दिवशीही ओळ चालू ठेवण्याचा हा एकच मार्ग आम्हाला सुचला.

तिसरा बदल उत्तराचा आणि तो सर्वांत कठीण होता. कोणत्याही ओळीला उत्तर एकच : ‘वाचलं.’ शाबासकी नाही, समजूत नाही, हसरा चेहरा नाही. ओळीत आकडा नसेल तरच एक प्रश्न विचारायचा, ‘किती?’ आणि थांबायचे. पहिल्या आठवड्यात तिला हे अतिशय कोरडे वाटले. “अगं, तहसील कचेरीत अर्ज दिल्यासारखं वाटतं,” असे तिने फोनवर सांगितले. त्यावर उपाय म्हणून आम्ही ओळीसाठी दोघींचाच एक वेगळा गट व्हॉट्सॲपवर काढला. सुखदुःख, पाहुणे, निवडणूक, बाजारभाव हे सगळे आमच्या जुन्या जागी चालू राहिले आणि नव्या गटात फक्त ओळी आणि ‘वाचलं’ राहिले. याचा आणखी एक फायदा झाला. महिनाभराच्या ओळी मध्ये दुसरे काही न येता सलग वाचता येऊ लागल्या आणि उतार लागला तर तो डोळ्यांना लगेच दिसू लागला.

चौथी गोष्ट म्हणजे उद्याची जागा. ओळीच्या शेवटी उद्या काम कुठून सुरू करायचे ते लिहायचे. आणि हे सगळे असूनही साडेनऊपर्यंत ओळ आली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एक मिस्ड कॉल, बोलणे नाही. सलग दोन दिवस शून्य आले तर मात्र दहा मिनिटे फोनवर बोलायचे आणि त्यात एकच प्रश्न सोडवायचा : एकक लहान करायचे का? रविवारी ओळ नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी

९ डिसेंबरला माझे पहिले शून्य आले. रात्री सव्वानऊ वाजता मी सवयीने चार वाक्ये टाइप केली. पर्यवेक्षण, पालकसभा, डोकेदुखी. मग नियम आठवून ती पुसली आणि पाठवले, ‘०. उद्या : तक्ता ३ चे शीर्षक.’ उत्तर आले, ‘वाचलं.’ त्या एका शब्दानंतर मोबाइल खाली ठेवला तेव्हा काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटले. पूर्वी समजुतीच्या शब्दांनी जे भरून निघत असे ते आता भरले गेले नव्हते. दहा मिनिटांनी मी लॅपटॉप उघडून तक्त्याचे शीर्षक लिहिले. परिच्छेद काही झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता समोर तयार होता आणि त्या दिवशी तीन परिच्छेद झाले.

उद्याची जागा कशी लिहावी हे आम्ही चुका करत शिकलो. ‘उद्या : मजुरीचे प्रकरण पूर्ण करणे’ असे लिहिले की दुसऱ्या दिवशी फाइल उघडून नेमके कुठे हात घालायचा हे कळत नाही. ‘उद्या : पृष्ठ ४१, मठारकामाच्या दराचा परिच्छेद’ असे लिहिले की फाइल उघडताच काम सुरू होते. डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत चार दिवस माझी उद्याची जागा मोघम होती आणि त्यांपैकी तीन दिवसांच्या दुसऱ्या दिवशी शून्य आले. तेव्हापासून पृष्ठक्रमांक किंवा तक्त्याचा क्रमांक असल्याशिवाय मी ओळ पाठवली नाही. तिला याची गरज कमी भासली, कारण बागेतले उद्याचे काम बागच ठरवते.

शेवटचे वाक्य पाठवण्यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली, तीही नोंदवते. एका वाक्यात मी मठारणे हा शब्द वापरला होता, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके घालून ते कडक आणि चकचकीत करणे. तिने गटात नियमाप्रमाणे ‘वाचलं’ लिहिले आणि जुन्या जागी विचारले, ‘हे ठोके कारागीर मोजतो की डोळ्यांनी जमवतो?’ मला उत्तर माहीत नव्हते. त्या शनिवारी तांबट आळीत जाऊन मी ते विचारले आणि त्यातून प्रबंधात एक पूर्ण परिच्छेद आला. ओळीचा हेतू हा नव्हता, आणि अशा प्रश्नांसाठी जागा वेगळी ठेवली होती म्हणूनच ओळ स्वच्छ राहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बारावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला आले आणि माझी सलग दोन शून्ये झाली. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी कारणे सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, “ते राहू दे, एकावर येतेस का?” आठवडाभर एकक एका परिच्छेदावर आणले आणि पेपर संपल्यावर पुन्हा दोनवर नेले. एकक लहान करण्याची परवानगी आधीच लिहून ठेवलेली होती, त्यामुळे त्यात कमीपणा वाटला नाही आणि वाटाघाटही करावी लागली नाही. नोव्हेंबरमध्ये अशी वाट नव्हती. तेव्हा तीनशे शब्द किंवा काहीच नाही एवढेच दोन पर्याय होते, आणि दमलेल्या माणसाने दुसरा निवडला.

चुकलेल्या दिवसाबद्दल माझ्या मनात जी भीती होती तिच्या बाबतीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला उपयोगी पडला. रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला किती काळ लागतो हे त्यांनी पाहिले आणि एखादी संधी चुकली तरी त्या क्रमावर फारसा परिणाम होत नाही असे त्यांना आढळले. एक शून्य म्हणजे सगळे संपले असे नाही, हे माहीत असणे आणि ते शून्य दुसऱ्या माणसासमोर लिहून मोकळे होणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच ते मला पटले.

हिशेब

२ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी या ८९ दिवसांतले बारा रविवार वगळता ७७ ओळी अपेक्षित होत्या. माझ्या ५८ ओळींत आकडा होता, १७ शून्ये होती आणि दोन आल्याच नाहीत. तिची ६६ पाने फोटोत आली, आठ शून्ये होती आणि तीन ओळी आल्या नाहीत. म्हणजे सकाळी सातचा मिस्ड कॉल तीन महिन्यांत मिळून पाच वेळा गेला आणि पाचही वेळा त्याच दिवशी ओळ परत सुरू झाली. माझे १०३ परिच्छेद पक्के झाले. दोन प्रकरणांचा मसुदा मार्गदर्शकांकडे गेला. तिसरे निम्मेच राहिले.

हे सर्व केवळ ओळीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारीअखेरची तारीख जवळ येत होती आणि ऑक्टोबरमध्ये तासांचे माप धरून केलेले वाचनही परिच्छेद लिहिताना कामी आले. मात्र ही तारीख नोव्हेंबरमध्येही माहीत होती आणि वाचनही तेव्हा झालेलेच होते, तरी चौदा दिवस काही झाले नाही. बेंजामिन हार्किन, वेब आणि इतरांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा प्रगतीवर लक्ष ठेवल्याने उद्दिष्ट गाठण्यास मदत होते आणि ती प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम अधिक होतो, असे त्यांना दिसले. आमच्या प्रकरणात लिहून ठेवणे आणि मांडणे या दोन्ही गोष्टी नोव्हेंबरातही होत्या. जे नव्हते ते म्हणजे पळवाट नसलेले माप आणि न पाघळणारे उत्तर.

एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. तिची काढणी १५ फेब्रुवारीला सुरू होऊन चार दिवसांत संपली. माल उचलण्यापूर्वी तपासणीला आलेल्या माणसाने शेवटच्या फवारणीची तारीख विचारली, तिने वहीचे पान उलटून दाखवले आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. त्यानंतर तिच्याकडे पाठवण्यासारखे काही उरले नाही. मी मात्र तिसऱ्या प्रकरणात अडकले होते. एकीचे काम संपले की तिच्या ‘वाचलं’मध्ये लक्ष राहत नाही, हे मला २० तारखेच्या सुमारास जाणवले; उत्तरे दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ लागली आणि माझ्याही ओळी साडेनऊच्या पुढे सरकू लागल्या. उतार पुन्हा तोच होता. या वेळी तो दोघींनाही दिसला आणि तिने हंगामाच्या खर्चाचा ताळेबंद हे नवे काम ओळीला जोडले : मजुरी, औषधे, डिझेल, बांधणीची सुतळी, रोज एक रकाना. त्यामुळे शेवटचे आठ दिवस निभावले. दोन्ही कामांची शेवटची तारीख जवळपास सारखी असावी किंवा लवकर संपणारीने पुढचे काम आधीच ठरवून ठेवावे, हा नियम आम्ही मागच्या पानावर सर्वांत शेवटी वाढवला.

२८ फेब्रुवारीला रात्री सव्वानऊला माझी ओळ गेली, ‘१ परिच्छेद. उद्या : पृष्ठ ८७, पाण्याच्या घंगाळाचा दर.’ तिच्याकडून डिझेलच्या रकान्याचा फोटो आला. माझे तिसरे प्रकरण अजून व्हायचे आहे आणि तिची खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्या दिवसापासून नव्या वहीचे पहिले पान गटात येईल.